चव्वेचाळिसाव्या वर्षी मुंज

जून उजाडला की फेसबुकवर ठरलेली जुंपते. एक गट म्हणतो, शिवरायांच्या राज्याभिषेकाला ब्राह्मणांनी विरोध केला. दुसरा विचारतो, मग अभिषेक करणारे गागाभट्ट कोण होते? मला दोघांनाही ६ जूनच्या आठवडाभर आधी, २९ मे १६७४ ला रायगडावर काय झालं ते विचारावंसं वाटतं.

त्या दिवशी शिवाजी महाराजांची मुंज झाली. वय चव्वेचाळीस, घरात राण्या, थोरला मुलगा सतरा वर्षांचा. वादच नव्हता म्हणणाऱ्यांनी या मुंजीचं कारण सांगावं.

महाराजांच्या राजेपणाबद्दल भांडण नव्हतंच. गड, फौज, खजिना सगळं हातात होतं. प्रश्न होता वेदोक्त अभिषेकाच्या अधिकाराचा. तो क्षत्रियाला, आणि अनेक शास्त्री मानत की कलियुगात क्षत्रिय उरलेच नाहीत. ब्राह्मण आणि शूद्र, एवढेच शिल्लक. तसं धरलं तर मराठ्यांच्या वाट्याला पुराणोक्त, म्हणजे वेदमंत्रांविना होणारे विधीच येतात.

गागाभट्ट काशीचे, पण घराणं मूळ पैठणचं. शूद्रांच्या धर्मकृत्यांवर ‘शूद्रकमलाकर’ लिहिणारे कमलाकरभट्ट त्यांचे सख्खे चुलते, म्हणजे विरोधकांचं शास्त्र त्यांना घरातूनच पाठ असणार. त्यांनी ते नाकारलं नाही, त्यातलीच वाट काढली. मनुस्मृतीप्रमाणे क्षत्रियाची मुंज बाविसाव्या वर्षापर्यंत व्हावी लागते. राहिली तर तो व्रात्य, म्हणजे संस्कार चुकलेला. व्रात्याला प्रायश्चित्त आहे, शूद्राला मुंज नाही. म्हणून भोसल्यांचं कूळ उदयपूरच्या सिसोदियांशी जोडणं गरजेचं होतं. कूळ क्षत्रिय ठरलं की उरते फक्त राहून गेलेली मुंज.

पुढचं सगळं या एका निर्णयातून ओघाने आलं. आधी प्रायश्चित्त, मग मुंज. पण मुंजीआधीची लग्नं समंत्रक कशी धरायची? म्हणून ३० मे ला आपल्याच राण्यांशी पुन्हा विवाह, या वेळी वैदिक मंत्रांनी. तेव्हा कुठे सोयराबाई पट्टराणी म्हणून अभिषेकाला शेजारी बसू शकल्या. (निश्चलपुरी गोसाव्याला हे सगळंच सदोष वाटलं आणि २४ सप्टेंबरला तांत्रिक पद्धतीने दुसरा राज्याभिषेक झाला, ते प्रकरण वेगळं.)

माझ्या मते गागाभट्टांना क्रांतिकारक म्हणणं जितकं चूक, तितकंच नुसते दक्षिणेचे लोभी म्हणणंही. त्यांनी कसबी वकिलासारखा एका अशिलाचा खटला जिंकून दिला. कायदा होता तसाच राहिला. म्हणूनच सव्वादोनशे वर्षांनी, १८९९ च्या कार्तिकात, पंचगंगेवर स्नानाला गेलेल्या कोल्हापूरच्या शाहू छत्रपतींसाठी पुरोहित पुराणोक्त मंत्रच म्हणत होता. गादी भोसल्यांचीच होती, आणि वाद पुन्हा पहिल्यापासून सुरू झाला.