उठलो, आवरलं, झोपलो

काल शेजारच्या काकांनी आपली वही माझ्या टेबलावर आपटली, बिघडलेला मिक्सर दुकानदाराला परत करावा तशी. "तुम्ही सांगितलंत म्हणून डायरी सुरू केली. चालत नाही."

सल्ला फुकट होता, तरी तक्रार आलीच. वही उघडली. सोमवार : 'लवकर उठलो. आवरलं. कामं केली. झोपलो.' मंगळवारी तेच. बुधवारी 'लवकर' नव्हतं. आठवड्यातली ती एकमेव घडामोड.

"आज काय झालं, काका?"

"काही नाही. तो लिफ्टमधला मूर्ख सोडला तर."

"कोण मूर्ख?"

"अहो, मी चार नंबरचं बटण दाबलं. दिवा लागला. तरी त्यानं माझ्याकडे बघत तेच बटण पुन्हा दाबलं! म्हणजे माझं दाबणं हे दाबणंच नाही? मी म्हटलं, 'लागलाय दिवा.' तर म्हणतो, 'खात्री केलेली बरी.' खात्री! चौथा मजला येईपर्यंत मी नुसता आकड्यांकडे बघत होतो."

"हे वहीत कुठाय?"

"छे! असलं क्षुल्लक डायरीत लिहितात होय?"

इथेच तर सगळं अडतं. नवशिका रात्री पेन हातात घेतो आणि सकाळपासून क्रमानं दिवस आठवायला बसतो. सकाळ रोज सारखीच असते, त्यामुळे पानंही सारखीच निघतात. वर 'महत्त्वाचं काय' ही चाळणी लावली की लिफ्टवाला गळतो आणि 'आवरलं' तेवढं उरतं.

म्हणून काकांना सांगितलं, अख्खा दिवस लिहू नका, त्यातली दोनच मिनिटं घ्या. पहिल्या ओळीत कुठे होतात ते, दुसरीत डोळ्यांनी दिसलेली एक गोष्ट, तिसरीत कुणाचं तरी वाक्य जसंच्या तसं, चौथीत तुम्हाला म्हणायचं होतं पण म्हणालात नाही ते. चार ओळी झाल्या की, अजून सुचत असलं तरी, वही मिटा. उद्या बसायला तेवढंच निमित्त. मात्र रात्रीपर्यंत वाक्य विरघळतं आणि 'एकाशी वाद झाला' एवढाच गाळ उरतो, म्हणून ऐकल्या ऐकल्या दोन शब्द कागदावर टिपून ठेवा : 'खात्री, लिफ्ट'. उद्या पुन्हा तोच भेटला, तर कालच्यापेक्षा वेगळं काय झालं तेवढंच लिहा. 'चिडलो' असं लिहावंसं वाटलं, तर हात काय करत होते ते लिहा.

काका जरा थांबले. "अंगठा. खिशात अंगठा बटण दाबत होता."

हे कुठल्याही 'कामं केली'पेक्षा सरस आहे, पण कौतुक करायला त्यांनी उसंत दिली तर ना!

"आणि गुरुवार-शुक्रवार राहिलेत, ते?"

"कोरे सोडा. मागचे दिवस भरायला बसलात की डायरीची थकबाकी होते, आणि थकबाकी वाढली की माणूस वहीच टाळतो."

"कोरी पानं वाईट दिसतात हो," म्हणत त्यांनी माझंच पेन उचललं आणि माझ्यादेखत गुरुवार भरला : 'लवकर उठलो.'