कोरडं असेल तरच घेतो

नव्या मिक्सरचं चटणीचं भांडं खालून गळत होतं. झाकणातून नव्हे, खालून. हा फरक आधीच सांगून टाकते, कारण सध्या मी तो भेटेल त्याला सांगत सुटलेय. झाकणातून गळलं तर भांडं जास्त भरलेलं असतं किंवा झाकणाचं रबर नीट बसलेलं नसतं. खालून गळलं, तर पात्याचा दांडा ज्या बुशातून खाली जातो तिथलं सील बिघडलेलं असतं, आणि नव्या कोऱ्या भांड्यात तो कारखान्याचाच दोष. शिवाय ते पाणी भांडं मोटरला जोडणाऱ्या कपलरवरून थेट मोटरच्या डोक्यावर उतरतं. म्हणजे ७५० वॉटचं विजेचं यंत्र आणि त्यावर ठिबक सिंचन.

ॲपवर तक्रार करायला गेलं की पहिला सापळा 'कारण निवडा' इथे असतो. 'आता नको आहे' हा पर्याय सगळ्यात वर, ठळक, अगदी हाताशी. तो दाबला की आपण मनमौजी गिऱ्हाईक ठरतो, आणि 'फक्त बदलून मिळेल' अशा मालाला तर तिथेच नकार येऊ शकतो. 'सदोष आहे' हा पर्याय बराच खाली दडवलेला असतो. तोच हुडकून दाबायचा. मग चौकटीत मजकूर लिहायचा. तिथे रडगाणं गाऊन उपयोग नाही, पलीकडचा माणूस फक्त आकडे वाचतो. माझा मजकूर असा होता:

'ऑर्डर क्रमांक ४४७१-२०९८३. बिलाची प्रत जोडली आहे. सिरियल नंबर मोटरच्या तळाच्या स्टिकरवर, फोटो जोडला आहे. दोष: चटणीचं भांडं मिक्सर चालू असताना बुशातून गळतं. बाकी दोन भांडी ठीक. तीस सेकंदांचा व्हिडिओ जोडला आहे. मिक्सर बदलून हवा. माल शिल्लक नसेल तर पूर्ण परतावा हवा.'

शेवटचं वाक्य विसरू नये. बदली माल संपला असेल तर काय, हे आपण लिहिलं नाही तर ते आपल्यासाठी कूपन निवडतात. आणि ऑर्डर क्रमांक म्हणजे कुरियरचा ट्रॅकिंग नंबर नव्हे. एका ऑर्डरची तीन पार्सलं होऊ शकतात, प्रत्येकाचा ट्रॅकिंग नंबर वेगळा. मी मिक्सरसोबत दोन पायपुसणी मागवली होती. ट्रॅकिंग नंबर चुकीचा गेला असता, तर सदोष पायपुसण्याची बदली आली असती आणि तीही बहुधा गळकी.

तक्रार मंजूर झाली, आणि माल न्यायला एक मुलगा आला. त्याच्या पाठोपाठ आमच्या सोसायटीचे वॉचमनही वर आले, कारण खाली त्यांना कंटाळा आला होता.

मुलाने खोका उघडला, भांड्यात बोट फिरवलं आणि बोट मला दाखवलं.

"काकू, हे ओलं आहे."

"गळतंय म्हणूनच ओलं आहे."

"ओलं घेता येत नाही. ॲप विचारतं, प्रॉडक्ट कोरडं आहे का. 'नाही' दाबलं की पुढे जातच नाही."

मी भांडं पुसलं, फडक्याने, मग पेपरने. त्याने पुन्हा बोट फिरवलं.

"आता कोरडं आहे. पण आता गळतंय कुठे?"

"पाणी घालून चालू केल्यावर गळतं."

"चालू करायची परवानगी नाही काकू. चालू केलं तर वापरलेलं धरतात."

"अरे, वापरल्याशिवाय मला कळलं कसं असतं?"

"म्हणजे वापरलंय?" त्याचं बोट 'होय'च्या दिशेने निघालंसुद्धा.

मी त्याचा हात धरला. वॉचमनकाका म्हणाले, "पाणी भरून नुसतं ठेवून बघा की." ठेवलं, पेपरवर. आम्ही तिघंही कोणाच्या तरी अंत्ययात्रेला उभे असल्यासारखे गप्प. एक थेंब नाही. मुलगा विजयी नजरेने माझ्याकडे पाहू लागला.

आता यात गोम अशी की स्थिर भांडं न गळणं हा काही पुरावा नाही. दांडा फिरायला लागला की तो बुशात किंचित डगमगतो, सीलशी फट पडते आणि त्या फटीतून पाणी झिरपतं. दांडा थांबला की फट मिटते. म्हणून व्हिडिओ काढताना आधी कोरडी कपलरची जागा दाखवायची, मग अर्धं भांडं पाणी घालून मिक्सर मधल्या वेगावर तीस सेकंद फिरवायचा, भांडं उचलायचं आणि कपलरभोवतीचं ओलं कडं दाखवायचं. मध्ये कुठेही व्हिडिओ कापायचा नाही. कापला की 'वरून पाणी टाकलं असेल' म्हणायला ते मोकळे. हा व्हिडिओ मी त्याला दाखवला. त्याने तो पूर्ण पाहिला, वॉचमनकाकांनी दोनदा.

"बरोबर आहे काकू, गळतंय," मुलगा म्हणाला. "पण मला व्हिडिओ दिसत नाही."

"आत्ता पाहिलास ना!"

"मला दिसतो. ॲपला दिसत नाही."

त्याच्यावर चिडण्यात अर्थ नव्हता. त्याला दर पिकअपमागे पैसे मिळतात आणि इथे उभं राहण्याचे मिळत नाहीत. तो खोका तसाच ठेवून गेला, जाताना ओटीपी मागायला मात्र विसरला नाही. तो मी दिला नाही. माल हातात गेल्याशिवाय ओटीपी देऊ नये; दिला की आपल्या खात्यावर 'माल परत मिळाला' अशी नोंद होते आणि मिक्सर आपल्या ओट्यावर असतो. तो जिना उतरेपर्यंत मेसेज आला: 'तुमच्या विनंतीवरून पिकअप रद्द करण्यात आला आहे.'

माझ्या विनंतीवरून! गळणं एक वेळ परवडलं, पण हा खोटेपणा? आणि तो साधासुधाही नसतो, त्यामागे हिशोब असतो. परत करायची मुदत चालूच राहते आणि कागदोपत्री माघार आपण घेतलेली असते. म्हणून त्या मेसेजचा स्क्रीनशॉट घेऊन त्याच तक्रारीत लगेच लिहायचं: 'मी पिकअप रद्द केलेला नाही, माल न्यायला नकार देण्यात आला.' फोनवर बोलून भागत नाही, लेखी हवं.

त्यानंतर तक्रार निवारण अधिकाऱ्याला मेल. ई-कॉमर्सच्या २०२० च्या नियमांनुसार प्रत्येक कंपनीला हा अधिकारी नेमावा लागतो आणि त्याचं नाव, संपर्क साइटवर द्यावा लागतो. तो बहुतेक ठिकाणी सगळ्यात तळाशी, मुंगीच्या अक्षरात असतो. त्याने ४८ तासांत पोच द्यायची आणि एका महिन्यात निकाल लावायचा. सदोष माल परत घ्यायला विक्रेता नाही म्हणू शकत नाही, हेही त्याच नियमांत आहे. मेलमध्ये मी हे दोन्ही लिहिलं, आणि उत्तर न आल्यास १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार करेन असंही लिहिलं. कस्टमर केअरचा नंबर गुगलवर शोधायच्या फंदात मात्र पडू नये. तिथे भामटे आपले नंबर टाकून बसलेले असतात आणि मिक्सरच्या निमित्ताने बँक खातं धुऊन नेतात.

पोच आली. नवा पिकअपही ठरला, या वेळी 'तपासणीशिवाय'. सोबत सूचना: बिलात लिहिलेलं सगळं सामान मूळ खोक्यात असावं, अन्यथा माल स्वीकारला जाणार नाही. मोटर, तीन भांडी, झाकणं, वॉरंटी कार्ड, आणि 'स्पॅच्युला १ नग'.

तो प्लास्टिकचा स्पॅच्युला शेजारच्या काकूंनी इडलीचं पीठ काढायला नेलाय, आणि काकू कालच मुलीकडे नाशिकला गेल्यात.