फोनने टॅप केल्यावर कार्डची कॉपी का बनत नाही

एक मेसेज फिरतोय: "पीएमपी बसच्या गर्दीत चोर मशीन खिशाला टेकवतात, फोनमधलं कार्ड कॉपी होतं, मग तसंच डुप्लिकेट कार्ड बनवून खातं रिकामं करतात. एनएफसी बंद ठेवा, सगळ्यांना पाठवा!!"

आधी खिशाचं बोलू. एनएफसी म्हणजे टॅप करताना फोन आणि मशीन ज्यावर बोलतात ती वायरलेस जोडणी, तिची पोच जेमतेम चारेक सेंटिमीटर, आणि गूगल पेसारखं ॲप फोन अनलॉक केल्याशिवाय पैसे देतच नाही. पाकिटातलं प्लास्टिकचं टॅपवालं कार्ड मात्र वेगळं, त्याला लॉक नसतो आणि 5,000 रुपयांपर्यंत पिनही लागत नाही, त्यामुळे ते वापरत नसाल तर त्याचा टॅप बँकेच्या ॲपमधून बंद करा, हे मीही सांगेन.

आता कॉपीचं. फोनवरून टॅप करताना तुमचा खरा कार्ड नंबर जातच नाही. कार्ड ॲड करता तेव्हा त्याच्या बदल्यात त्या फोनपुरता एक वेगळा नंबर मिळतो, तोच टोकन. हे स्वतः बघायचं असेल तर टॅप केल्यावर मिळालेली स्लिप बघा, शेवटचे चार आकडे बहुतेक वेळा कार्डावरच्या आकड्यांशी जुळत नाहीत.

समजा लक्ष्मी रोडला 1,840 रुपयांची साडी घेतली. मशीन फोनला रक्कम देतं आणि सोबत त्याच क्षणी बनवलेला एक रँडम आकडा देतं, फोन त्यात दर व्यवहाराला पुढे सरकणारा स्वतःचा काउंटर मिळवतो, समजा 57, आणि या सगळ्यावर गुप्त की वापरून एक कोड काढतो. ती की बाहेर जात नाही, फक्त कोड जातो. व्हिसा, मास्टरकार्ड किंवा रुपे तो कोड तपासतं, टोकनवरून खरं कार्ड शोधतं, मग बँक हो म्हणते.

चोराने हे सगळं हवेतून रेकॉर्ड केलं असं धरू. तो दुसऱ्या दुकानात तेच वाजवायला गेला तर तिथलं मशीन नवा रँडम आकडा देणार, जुना कोड त्याला जुळणार नाही, आणि 57 तर वापरून झालाय, म्हणजे व्यवहार नाकारला जाणार. जुन्या काळ्या पट्टीच्या कार्डात प्रत्येक वेळी तीच माहिती जायची, म्हणून ती एकदा वाचली की दुसऱ्या कार्डावर उतरवता यायची. इथे उतरवून घेण्यासारखं काही उरतच नाही.

खरा धोका वेगळाच आहे आणि त्या मेसेजमध्ये त्याचा शब्दही नाही, म्हणून मला राग येतो. चोर तुमचा कार्ड नंबर कुठूनतरी मिळवतो, *स्वतःच्या* फोनमध्ये ॲड करतो आणि 'बँकेतून बोलतोय' म्हणत तुमच्याकडून ओटीपी काढतो. मग टोकनही खरं, कोडही खरा, फक्त फोन त्याचा! आपण काही केलेलं नसताना कार्ड टोकनाइझ करायचा ओटीपी किंवा कार्ड ॲड झाल्याचा मेसेज आला, तर ओटीपी कुणाला देऊ नका, आणि कार्ड ॲड झालंच असेल तर बँकेच्या ॲपमधून आधी कार्ड ब्लॉक करा, मग कस्टमर केअरला फोन लावून ते टोकन काढायला सांगा.