‘कायम ५जी वालंच वायफाय’ या फॉरवर्डला उत्तर

“नेट स्लो आहे? वायफायमध्ये कायम ५जी वालंच नाव निवडा, २.४ बंद करून टाका. जुनी सगळी नेटवर्क फरगेट करा, फोन मोकळा होतो आणि स्पीड वाढतो. लॅपटॉपवर मीटर्ड ऑन करा, डेटा निम्मा लागतो. सगळ्यांना पाठवा!”

आमच्या मावशींनी हे वाचलं आणि तिन्ही गोष्टी एका दुपारी करून टाकल्या. संध्याकाळी मला फोन आला, “अरे, बेडरूममध्ये आता काहीच चालत नाही.” तिथे जाऊन जे दिसलं ते सांगतो.

आधी नावाचा घोळ. राउटरच्या नावापुढचं `5G` म्हणजे मोबाइलचं फाइव्ह-जी नव्हे. तो फक्त ५ गिगाहर्ट्झचा पट्टा आहे, आणि दुसरा २.४ गिगाहर्ट्झचा. दोन्हींतून येणारं नेट एकाच केबलचं, एकाच प्लॅनचं.

हॉलमध्ये फॉरवर्डचं म्हणणं खरंच आहे, ते नाकारत नाही. मावशींची सोसायटी दाट वस्तीतली, वायफायची यादी उघडली की शेजाऱ्यांची वीसेक नावं दिसतात. २.४ च्या पट्ट्यात एकमेकांवर न चढणारे चॅनल जेमतेम तीन, १, ६ आणि ११. म्हणजे सगळी बिल्डिंग त्या तीन गल्ल्यांत गर्दी करून उभी. त्यात ब्लूटूथ तिथेच, मायक्रोवेव्हसुद्धा तिथेच. ५ मध्ये जागा भरपूर आणि चॅनल रुंद. मावशींचा साधा फोन हॉलमध्ये राउटरशी ५ वर ४३३ एमबीपीएसने बोलत होता, २.४ वर ७२ ने. हा आकडा फोन आणि राउटर यांच्यातला, नेटचा नव्हे. त्यांचा प्लॅन १०० चा, त्यामुळे ४३३ मधले वरचे सगळे तसेही वायाच. पण ७२ मधून प्रत्यक्षात चाळीसेकच हाती येतात, म्हणून हॉलमध्ये ५ च बरं.

बेडरूम मात्र दोन भिंतींपलीकडे, आणि त्यातली एक आरसीसीची. वारंवारता जितकी जास्त तितकी लहर भिंतीत जास्त खर्ची पडते. अँड्रॉइडमध्ये सिग्नलची ताकद दाखवणारं एखादं मोफत वायफाय अॅनालायझर टाकलं तर हे आकड्यांत बघता येतं. आकडे उणे असतात आणि शून्याच्या जवळचा तो चांगला. पलंगापाशी ५ चा सिग्नल उणे ७९ डीबीएम, २.४ चा उणे ६४. साधारण उणे ६७ च्या आसपासपर्यंत व्हिडिओ कॉल नीट चालतो, उणे ८० च्या आसपास जोडलेलं असूनही धड काही उघडत नाही. ५ वर स्पीड टेस्ट कधी १८ दाखवी, कधी ३. २.४ वर बावीस-तेवीस, पण सतत. कॉलला सततपणा लागतो, उड्या नकोत.

आता खरी गंमत. मावशींनी `Ghar` हे २.४ चं नाव फरगेट करून ठेवलं होतं, म्हणून फोन नाइलाजाने मरतुकड्या `Ghar_5G` ला चिकटून राहिला. दोन्ही नावं फोनमध्ये असती तरी फोन अशा वेळी लगेच उडी मारतोच असं नाही. हातातला जोड अगदीच तुटेपर्यंत तो धरून बसतो. म्हणून पलंगावर नाव आपण बदलायचं, किंवा राउटरमध्ये दोन्ही पट्ट्यांना एकच नाव देऊन निवड फोनवर सोपवायची. राउटरमध्ये २.४ पूर्ण बंद करणं तर नकोच. स्वस्तातले स्मार्ट बल्ब, प्लग आणि बरेचसे प्रिंटर फक्त तेवढंच ऐकतात.

फरगेट केल्याने फोन मोकळा होतो, ही कल्पना कुठून आली कोण जाणे. जतन केलेलं नेटवर्क म्हणजे एक नाव आणि एक पासवर्ड, दोन ओळींची नोंद. पन्नास नोंदी असल्या तरी नेट मंदावत नाही. फरगेट करायची ती एक तर उघडी, पासवर्ड नसलेली नेटवर्क, हॉटेलची, कॅफेची, कुठल्याशा लग्नाच्या हॉलची. तेच नाव लावून कोणीही उघडं वायफाय उभं करू शकतो, आणि ऑटो-जॉइन चालू असलेला फोन खिशातल्या खिशात त्याला जाऊन जोडतो. पासवर्डवाल्या नेटवर्कात ही भीती कमी, कारण नकली राउटरकडे पासवर्ड नसतो. दुसरं, पासवर्ड बदलल्यावर फोन जुनाच पाठवत अडकून बसला तर फरगेट करून नव्याने जोडायचं. यापलीकडे त्या यादीला हात लावायची गरज नाही.

कारण फरगेट केलं की पासवर्डही जातो. मावशींच्या राउटरखालच्या स्टिकरवरचा पासवर्ड केबलवाल्या मुलाने बसवतानाच बदलला होता आणि नवा कुणाच्याच लक्षात नव्हता. सुदैवाने लॅपटॉपवर `Ghar` अजून जतन होतं. विंडोजचं कमांड प्रॉम्प्ट अॅडमिनिस्ट्रेटर म्हणून उघडून हे टाकलं:

```
netsh wlan show profile name="Ghar" key=clear
```

`Key Content` या ओळीसमोर पासवर्ड दिसला. लॅपटॉपवरूनही फरगेट झालं असतं तर राउटरच्या सेटिंगमध्ये शिरावं लागलं असतं, नाही तर राउटर रीसेट करावा लागला असता. आयफोनवाल्यांनी आणखी एक ध्यानात ठेवावं: आयक्लाउड कीचेन चालू असेल तर एका उपकरणावर केलेलं फरगेट त्याच खात्याच्या दुसऱ्या उपकरणांवरही होतं.

मीटर्ड म्हणजे नळावर बसवलेली चावी नव्हे, दारावर लावलेली पाटी आहे: ‘इथे डेटा मोजून मिळतो.’ पाटी बघून विंडोज आपले बरेचसे अपडेट लांबवतं, स्टोअरचे अपडेट थांबवतं, वनड्राइव्ह सिंक थांबवतो. ब्राउझरमधला व्हिडिओ ती पाटी वाचायला जात नाही, तो पूर्वीइतकाच डेटा खातो. तिथे बचत हवी तर व्हिडिओची क्वालिटीच उतरवायची. ‘निम्मा’ हा आकडा कुणीतरी हवेतून काढलेला.

फायदा होतो तो फोनच्या हॉटस्पॉटवर. दिवसाला दीड जीबीचं पॅक, लॅपटॉप जोडला, आणि मागे गुपचूप विंडोजचा मोठा अपडेट उतरायला लागला की दुपारच्या आत पॅक संपतो. हे माझं स्वतःचं झालंय, तेही गावी, परतीचं तिकीट काढायचं होतं त्या दिवशी. म्हणून हॉटस्पॉटच्या नावावर `Metered connection` चालू हवंच. ते `Settings` मध्ये `Network & internet`, मग `Wi-Fi`, मग त्या जोडणीच्या `properties` मध्ये सापडतं.

मावशींनी ते घरच्या अमर्याद ब्रॉडबँडवर लावलं होतं. तिथे वाचवायला काहीच नाही, उलट नातवाचे फोटो वनड्राइव्हवर चढायचे थांबले आणि अपडेट रांगेत पडून राहिले. बंद केलं तेव्हा वनड्राइव्हची ढगाची खूण पुन्हा फिरू लागली.

एक बारकावा फॉरवर्ड लिहिणाऱ्याला ठाऊक नसावा. ही पाटी लॅपटॉपवर नव्हे, एकेका नावावर लागते. हॉटस्पॉटला लावली म्हणून `Ghar` ला लागत नाही, `Ghar` ला लावली म्हणून `Ghar_5G` ला लागत नाही. आणि नाव फरगेट केलं की पाटीही जाते. म्हणजे फॉरवर्डमधला दुसरा सल्ला तिसऱ्याला पुसून टाकतो: हॉटस्पॉट फरगेट करून पुन्हा जोडला तर मीटर्डची खूण एकदा बघून घ्या, ती बंद असण्याचीच शक्यता जास्त.