नेत्याची ओळख, साडेतीनच्या गेटवर

सातपूरच्या एमआयडीसीत युनियन आणि कंपनीचा पगारवाढीचा करार झाल्यानंतरच्या गेट मीटिंगला सगळ्यात अवघड काम कोणाचं? नेत्याचं नव्हे, तो बोलायलाच आलेला असतो. अवघड काम त्याची ओळख करून देणाऱ्याचं. कारण ऐकणारे चार ठिकाणी उभे असतात. समोर सभासद, टपरीजवळ निवडणुकीत पडलेलं पॅनल, जरा लांब कंत्राटी पोरं आणि सिक्युरिटी केबिनच्या काचेआड, रजिस्टर चाळण्याचं नाटक करत, एचआरचे साहेब. लग्नातल्या मध्यस्थासारखं मुलाकडच्यांना आणि मुलीकडच्यांना एकच वाक्य गोड लागलं पाहिजे.

वेळ मोजकी. पहिली पाळी साडेतीनला सुटते आणि बसचा ड्रायव्हर इंजिन चालू ठेवूनच सभा ऐकतो. ओळखीला तीन मिनिटं, म्हणजे सावकाश बोललं तर तीनेकशे शब्द. त्यातले पन्नास ‘झुंजार’, ‘तडफदार’, ‘कामगारांचे कैवारी’ यात घालवायची पद्धत आहे. माझं त्यांच्याशी वैर नाही, पण ‘कैवारी’ म्हटलं की छळणारा कोण हा प्रश्न येतो आणि सगळ्या माना केबिनकडे वळतात. करारावर सही दोघांची असते. त्याच आठवड्यात एकाला राक्षस करून ठेवलं, तर पुढच्या महिन्यात कॅन्टीनच्या तक्रारीसाठी नेत्याला त्याच राक्षसापुढे बसायचं असतं.

म्हणून ओळखीत नेत्याचं पद, किती वर्षं कामावर, कुठल्या खात्यात, आणि त्याने केलेलं एखादं काम एवढं पुरतं. घोडं अडतं ते या कामापाशी. समजा करार महिना नऊ हजारांच्या वाढीचा आहे. ‘साहेबांनी नऊ हजार मिळवून दिले!’ असं म्हटलं की टाळ्या पडतात. पगाराच्या दिवशी मात्र त्याच टाळ्या वाजवणारे हात पगारपत्रक घेऊन शोधत येतात.

कारण नऊ हजार तीन वर्षांचे. निम्मे पहिल्या वर्षी आणि पाव-पाव पुढच्या दोन वर्षी अशी वाटणी ठरली असेल, तर यंदा साडेचार हजार. त्यातले समजा तीन हजार बेसिकमध्ये आणि दीड हजार भत्त्यांत गेले. जिथे पूर्ण बेसिकवर पीएफ कापतात तिथे तीन हजारांचे बारा टक्के, म्हणजे तीनशे साठ, कामगाराचे कापले जातात. हातात चार हजार एकशे चाळीस. तेवढेच तीनशे साठ कंपनीही भरते, म्हणजे तिच्या खिशातून चार हजार आठशे साठ जातात, ग्रॅच्युइटीचा बोजा वेगळाच. करार सीटीसीवर, म्हणजे कंपनीच्या एकूण खर्चावर झाला असेल, तर कंपनीचा हा हिस्सा नऊ हजारांच्या पोटातच बसलेला असतो आणि हातातला आकडा आणखी आक्रसतो. खोटं कोणीच बोलत नाही, फक्त एकाच वाढीचे तीन आकडे गेटवर फिरत असतात. निवेदकाने आकडा सांगायचाच तर ‘तीन वर्षांत, टप्प्याटप्प्याने’ हे शब्द त्याच दमात घ्यावेत. आधी आकडा आणि मग टप्पे, तर मधल्या टाळ्यांत टप्पे बुडतात.

कराराला दुसरी बाजू असते, ती म्हणजे उत्पादनवाढीचं कलम. पगारवाढ नेत्याच्या नावावर आणि वाढीव नग जणू आकाशातून पडले, अशी ओळख करून देणारे पुष्कळ आहेत. मग लाइनवर सुपरवायझरने नवा आकडा मागितला की लोक म्हणतात, हे आम्हाला सांगितलंच नव्हतं. ‘वाढ ठरली, तसं उत्पादनही ठरलं, दोन्हीवर सही यांनीच केली’ एवढं एक वाक्य बोललं तर नेता लहान होत नाही. केबिनमधलं रजिस्टर मात्र क्षणभर थांबतं.

‘आपल्या सगळ्यांना’ हे शब्दही जपून. लांब उभी असलेली कंत्राटी पोरं त्याच मशीनवर काम करतात आणि करार त्यांना लागू नसतो. ‘कायम कामगारांना’ म्हणावं. कानाला कोरडं लागतं, पण खरं आहे. पडलेल्या पॅनलसाठी मागच्या कमिटीने मागणीपत्र दिलं असेल तर तेही सांगावं. चौकशी चालू असलेल्या सभासदाचं नाव मात्र ओळखीत अजिबात नको. घोषणा होते नेत्याच्या नावाने आणि प्रकरण चिघळतं त्या बिचाऱ्याचं.

आता माइक. भोंगा लोकांकडे आणि बोलणारा भोंग्याच्या मागे, हे सगळ्यांना ठाऊक असतं. तरी नेता गर्दीत मिसळायच्या हौसेने भोंग्यासमोर येतो आणि शिट्टी वाजते. तेव्हा आवाज थोडा कमी करावा, माइक त्याच्या हातात द्यावा आणि वायर त्याच्या बुटाखाली नाही एवढं बघून खाली उतरावं. आभार दुसऱ्याने मानावेत, बस सुटायला आलेली असते.