डॉलरचं बिल आणि ‘जेवढे आले तेवढाच सेल’

फॉरवर्ड होत आलेला सल्ला असा: “फॉरेन क्लायंटचं बिल डॉलरमध्ये पाठवलं तरी बुकात लगेच एंट्री करू नका. पैसे बँकेत आले की जेवढे रुपये जमा झाले तेवढाच सेल दाखवा, तोच खरा आकडा, मग फरक बिरक काही राहतच नाही. मार्च एंडला काही करायचं नाही, पैसे आलेच नाहीत तर नफा कसला? आणि रेट वाढून जास्त आले तर तो फरक वेगळा दाखवू नका, त्यावर जीएसटी लागतो.”

आधी यातलं जे बरोबर आहे ते मान्य करून टाकतो. तुम्ही एकटे फ्रीलान्सर असाल, कंपनी नाही, आणि पहिल्यापासून कॅश बेसिसवर हिशोब ठेवत असाल, म्हणजे पैसे आले की उत्पन्न आणि पैसे गेले की खर्च, तर इन्कम टॅक्सपुरतं हे चालतं. तिथे येणी नावाची गोष्टच बुकात नसते, मग तिच्यावर फरक कुठून येणार. पण हा मेसेज फिरतोय तो प्रायव्हेट लिमिटेडवाल्यांच्या ग्रुपमध्ये, आणि कंपनीला ही सोय नाही. कंपनी कायदा 2013 च्या कलम 128 मध्ये सरळ लिहिलंय की हिशोब अ‍ॅक्रुअल पद्धतीनेच ठेवायचा. म्हणजे काम झालं, बिल गेलं, की सेल झाला, पैसे कधी का येईनात.

आता एक उदाहरण घेऊ आणि शेवटपर्यंत तेच धरून चालू. रेट मी हिशोबाला सोपे पडावेत म्हणून घेतलेत. पुण्यातली एक छोटी सॉफ्टवेअर कंपनी, अमेरिकेतला क्लायंट, 12 फेब्रुवारीला 10,000 डॉलरचं बिल, त्या दिवशीचा रेट 85. 31 मार्चला रेट 86. पैसे आले 20 एप्रिलला आणि बँकेने कन्व्हर्ट केले 85.40 ने. पण आले ते 10,000 नाहीत, मधल्या बँकेने 30 डॉलर कापले त्यामुळे पोचले 9,970. त्याचे झाले 8,51,438 रुपये, त्यातून आपल्या बँकेने स्वतःचे चार्जेस आणि जीएसटी मिळून 1,438 घेतले, आणि खात्यात जमा दिसली बरोब्बर 8,50,000.

बघा गंमत. बिल 8,50,000 चं, जमा 8,50,000. मेसेजवाला म्हणणार बघ, सांगितलं नव्हतं, फरक काहीच नाही.

आता हेच नीट लिहू. 12 फेब्रुवारीला पार्टीच्या नावे 8,50,000 आणि सेलला जमा 8,50,000. रेट कुठला घ्यायचा यावर लोक उगाच भांडतात. अकाउंटिंग स्टँडर्ड 11 म्हणतं व्यवहाराच्या तारखेचा रेट, आणि रेट फार वरखाली होत नसेल तर आठवड्याची किंवा महिन्याची सरासरीसुद्धा चालते. कोणी एफबीआयएलचा रेफरन्स रेट घेतं, कोणी स्टेट बँकेचा टीटी बाइंग. एक ठरवा आणि वर्षभर तोच ठेवा, या बिलाला हा आणि पुढच्या बिलाला जो सोयीचा तो, असं नको. आणि एकदा हा 8,50,000 चा सेल लिहिला की त्याला परत हात लावायचा नाही. पुढे डॉलर 80 होवो नाहीतर 90, सेल तेवढाच राहतो, बदलतं ते पार्टीकडचं येणं.

आता मार्च एंड. इथे लोकांना खरंच पटत नाही आणि मला त्यांचं थोडं कळतंही, पैसा हातात नाही आणि नफा दाखवायचा म्हणजे जरा विचित्रच वाटतं. पण असं बघा की सेल लिहिला तेव्हा तरी पैसा कुठे हातात होता. 31 मार्चला तुमच्याकडे जे आहे ते 10,000 डॉलरचं येणं आहे, आणि ताळेबंद रुपयात बनतो, तर त्या दिवशी ते डॉलर किती रुपयांचे हे लिहावंच लागणार. 86 ने झाले 8,60,000. म्हणून पार्टीच्या नावे आणखी 10,000 आणि एक्सचेंज गेनला जमा 10,000. हा गेन सेलमध्ये मिसळायचा नाही, वेगळ्या लेजरला. रेट 84 झाला असता तर तेवढाच लॉस लिहिला असता. हीच शिस्त परदेशी देण्यालाही लागते, आणि तिथे तर मार्च एंडचा लॉस लिहायला सगळे उत्साहाने तयार असतात! ‘पैसे दिलेच नाहीत तर लॉस कसला’ हा प्रश्न इन्कम टॅक्स खात्यानेही काढला होता, ते प्रकरण वुडवर्ड गव्हर्नर या कंपनीच्या केसमध्ये सुप्रीम कोर्टापर्यंत गेलं आणि 2009 मध्ये कोर्टाने सांगितलं की महसुली व्यवहारातला वर्षअखेरचा असा लॉस मान्य होतो. लॉस मान्य होतो तर गेनही धरावा लागतो, एका बाजूचंच न्यायाचं माप कसं चालेल. त्यानंतर आयकराच्या हिशोबासाठी आयसीडीएस 6 आलं, त्यातही अशा येण्या-देण्यांना वर्षाच्या शेवटच्या दिवसाचाच रेट आहे.

आता 20 एप्रिल. इथे सगळ्यात जास्त चुका होतात. पार्टीचं येणं आता 8,60,000 आहे, 8,50,000 नाही. क्लायंटने त्याच्या बाजूने 10,000 डॉलर पूर्ण दिले, 85.40 ने ते 8,54,000. म्हणजे या वर्षी 6,000 चा लॉस. मधल्या बँकेचे 30 डॉलर म्हणजे 2,562 रुपये हा खर्च, तो लॉस नाही. आपल्या बँकेचे 1,438, त्यातला जीएसटी क्रेडिटला घ्यायचा आणि बाकीचा बँक चार्जेसला. एंट्री अशी पडते: बँक नावे 8,50,000, परदेशी बँक चार्जेस नावे 2,562, आपल्या बँकेचे चार्जेस जीएसटीसकट नावे 1,438, एक्सचेंज लॉस नावे 6,000, आणि पार्टीला जमा 8,60,000. बेरीज करून बघा, जुळते.

म्हणजे ज्याला ‘फरक नाही’ म्हटलं त्याच्या पोटात काय होतं, मागच्या वर्षी 10,000 चा गेन, या वर्षी 6,000 चा लॉस आणि 4,000 चे चार्जेस, आणि योगायोगाने सगळं मिळून शून्य. मेसेजप्रमाणे केलं असतं तर मागच्या वर्षी सेल शून्य, पण ते काम करणाऱ्या पोरांचे फेब्रुवारीचे पगार मात्र मागच्याच वर्षीच्या खर्चात! मग फायनलच्या वेळी मालक विचारणार की मागच्या वर्षी तोटा कसा काय आणि या वर्षी एकदम एवढा नफा कसा.

इथे एक उलटी चूकही सांगतो, कारण ती मी स्वतः केलीय. नवीन होतो, मार्चला 10,000 चा गेन लिहिला आणि एप्रिलमध्ये पैसे आल्यावर पुन्हा बिलाच्या रेटशी तुलना करून 4,000 चा गेन लिहिला. दोन वर्षांत मिळून 14,000 चा गेन, खरा होता 4,000. सरांनी काही न बोलता पार्टीचं लेजर प्रिंट काढून समोर ठेवलं, त्यात 10,000 रुपये लोंबकळत होते आणि डॉलर शून्य. काही ऑफिसात मार्चची एंट्री 1 एप्रिलला उलटी मारतात आणि मग बिलाच्या रेटशी तुलना करतात. तसंही चालतं, कारण तेव्हा या वर्षी उलट्या एंट्रीचे वजा 10,000 आणि नवीन अधिक 4,000 मिळून तोच 6,000 चा लॉस येतो. फक्त दोन्ही पद्धतींची खिचडी करू नका.

जीएसटीची भीती तर एकदम बिनबुडाची. क्लायंटने तुमच्या कामाचे 10,000 डॉलर दिले, ना एक डॉलर जास्त ना कमी. रुपया घसरला म्हणून तुम्ही त्याला आणखी कुठली सेवा दिली? मग कर कशावर लागणार. सर्व्हिस एक्सपोर्टसाठी सीजीएसटीचा नियम 34 म्हणतो की रेट अकाउंटिंगच्या तत्त्वांप्रमाणेच घ्यायचा, टाइम ऑफ सप्लायच्या तारखेचा, म्हणजे आपल्या उदाहरणात फेब्रुवारीच्या जीएसटीआर-1 मध्ये 8,50,000 गेले की विषय संपला. नंतरच्या गेन-लॉससाठी तो आकडा बदलायचा नाही. माल एक्सपोर्ट करणाऱ्यांचं थोडं वेगळं, तिथे कस्टमसाठी सीबीआयसीने जाहीर केलेला रेट घ्यावा लागतो. त्यामुळे द्राक्षं किंवा बेदाणा पाठवणाऱ्यांच्या रिटर्नमधला सेल आणि बुकातला सेल यात थोडा फरक दिसतो, त्याने घाबरायचं नाही. जीएसटीआर-9सी मध्ये परकीय चलनाच्या फरकासाठी 5N अशी वेगळी ओळच दिलेली आहे. हा फरक होणार हे फॉर्म बनवणाऱ्यांनीच धरलंय. उलट मेसेजप्रमाणे केलं, म्हणजे बिल फेब्रुवारीचं आणि सेल एप्रिलचा, तर जीएसटीचं रिटर्न एका वर्षात आणि बुक दुसऱ्या वर्षात, आणि नोटीस यायची असेल तर ती अशानेच येते.

हे सगळं बिल आधी आणि पैसे नंतर या केसचं आहे बरं का. अ‍ॅडव्हान्स आधी आला असेल तर मार्च एंडला त्याचा रेट बदलायचा नाही, कारण तिथे तुम्हाला डॉलर परत द्यायचे नसतात, काम द्यायचं असतं. जेवढा अ‍ॅडव्हान्स आला तेवढा सेल अ‍ॅडव्हान्सच्याच तारखेच्या रेटने.

आपलं बरोबर झालंय का ते टॅलीत दोन मिनिटांत कळतं, फक्त पार्टीचं बिल डॉलर करन्सीत टाकलेलं पाहिजे, रुपयात गुणाकार करून नाही. बॅलन्स शीटमध्ये `Unadjusted Forex Gain/Loss` अशी ओळ दिसत असेल तर फरकाची जर्नल मारायची राहिलीय. मग पार्टीचं लेजर उघडा. पैसे पूर्ण आलेत आणि डॉलर शून्य पण रुपये शिल्लक, म्हणजे गेन-लॉस लिहिला नाही किंवा चुकीचा लिहिला. डॉलरच 30 शिल्लक दिसतायत, म्हणजे मधल्या बँकेचे चार्जेस राहिले. हे 30 डॉलर बघायला किरकोळ, पण एका क्लायंटच्या बुकात मला असे चार वर्षांचे तुकडे साठलेले सापडले, आणि बिचारा मालक दर मार्चला त्या न येणाऱ्या डॉलरवर रेट वाढला म्हणून गेन दाखवत होता.