शंभर ग्रॅमचा रकाना पुरतो का?

खाद्यपदार्थांच्या पाकिटावरचं पोषणाचं लेबल आणि त्यावरची सर्व्हिंग, म्हणजे कंपनीने एका वेळी खायचं म्हणून धरलेलं वजन, यावर मी लेख लिहिला होता. त्यावर एका वाचकाने लिहिलंय:

«सर्व्हिंग वगैरे कंपन्यांनी काढलेली पळवाट आहे. सरळ शंभर ग्रॅमचा रकाना बघायचा आणि पाकीट ठेवायचं की नाही ते ठरवायचं. तुम्ही साधी गोष्ट उगाच अवघड केलीत.»

दोन पाकिटांतून एक निवडायचं असेल, तर तुमचं म्हणणं मला पूर्ण मान्य आहे. एक कंपनी २५ ग्रॅमची सर्व्हिंग धरते, दुसरी ३० ग्रॅमची. मग शंभर ग्रॅमच्याच आकड्यांवर तुलना होते.

पण घरी वाटीत काय पडलं, हे तो रकाना सांगत नाही. माझ्या वडिलांना रक्तदाब आहे, म्हणून मी मीठ बघते. आमच्याकडच्या शेवेच्या पाकिटाचं निव्वळ वजन २०० ग्रॅम आहे. शंभर ग्रॅममागे सोडियम ८०० मिलिग्रॅम आणि त्याच्याच शेजारी १२ टक्के छापलेलं. बाबांनी ते वाचलं आणि म्हणाले, "बाराच टक्के ना, मग काय हरकत आहे?" इथेच फसगत होते. आपल्याकडच्या लेबलांवर ही टक्केवारी शंभर ग्रॅमची नसते, एका सर्व्हिंगची असते. दिवसाचं प्रमाण २००० मिलिग्रॅम सोडियम, म्हणजे साधारण ५ ग्रॅम मीठ, असं धरलेलं असतं. त्या हिशेबाने ८०० म्हणजे ४० टक्के झाले. या पाकिटावर सर्व्हिंग ३० ग्रॅमची आहे. त्यात सोडियम २४० मिलिग्रॅम येतं आणि तेच ते १२ टक्के. म्हणजे शेजारी शेजारी छापलेले दोन आकडे दोन वेगवेगळ्या वजनांचे आहेत. शंका आली की एवढा एक गुणाकार करून बघायचा.

मग मी बाबांची चहाबरोबरची वाटी स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर ठेवली. आधी रिकामी, मग नेहमीसारखी भरून. शेव भरली ४५ ग्रॅम. म्हणजे दीड सर्व्हिंग, ३६० मिलिग्रॅम सोडियम, दिवसाचे १८ टक्के. जेवणातलं मीठ, लोणचं, पापड अजून बाकीच!

पाकिटात किती सर्व्हिंग हा आकडा मात्र जपून वापरा. इथे «सुमारे ७» लिहिलंय, पण २०० भागिले ३० केलं तर पावणेसातही पूर्ण येत नाहीत. म्हणून अख्ख्या पाकिटाचा हिशेब सर्व्हिंगच्या संख्येवरून न करता निव्वळ वजनावरून करावा: २०० ग्रॅम, म्हणून ८०० ची दुप्पट, १६०० मिलिग्रॅम. काही पाकिटांवर नुसती सर्व्हिंगची संख्या ठळक दिसते आणि ग्रॅम बारीक अक्षरात असतात. ते सापडलेच नाहीत, तर निव्वळ वजनाला त्या संख्येने भागून अंदाज येतो.

टक्के कशाचे, हे मूळ लेखात मी नीट लिहिलं नव्हतं, ती चूक माझी. वाटीच्या वजनाचा हा हिशेब आज त्यात घालते.